दादारावांची मिठाची चोरी

दादाराव वानखडे यांनी आयुष्यात कधी कुणाच्या शेतातलं कणीस तोडलं नव्हतं. एसटीच्या वाशीम डेपोत पस्तीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली, पण डेपोतला साधा नटबोल्ट त्यांच्या खिशातून घरी आला नाही. असा माणूस निवृत्तीनंतर मुलाकडे फरीदाबादला राहायला आला आणि बासष्टाव्या वर्षी सुनेच्या स्वयंपाकघरात चोरी करायला लागला, आणि तीही मिठाची.

सुरुवात मार्चमध्ये झाली. आधी काकडीवर मीठ, मग टरबुजावर मीठ, मग ताकात मीठ घातलेलं असताना वरून आणखी मीठ. लिंबाच्या लोणच्यातल्या फोडी तशाच राहायच्या आणि खार मात्र नाहीसा व्हायचा. शेजारच्या भाटियाबाईंनी गाजर-मोहरीची आंबट कांजी केली की दादाराव काही ना काही कारण काढून त्यांच्या दारात उभे. गंगुबाई, त्यांची बायको, पदर तोंडाला लावून हसायच्या. म्हणायच्या, मला संघपालच्या वेळी लागले नव्हते एवढे डोहाळे ह्यांना लागलेत.

एका रविवारी दुपारी समता पाणी प्यायला उठली, तर सासरे ओट्याशी उभे होते. डाव्या तळहातावर मीठ घेतलेलं, आणि लहान मूल साखर खातं तसं ते चाटत होते. सून दिसताच त्यांनी मूठ मिटली. एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा झाला की समतालाच शरमल्यासारखं झालं.

शरम थोडा वेळ टिकली, मग तिची जागा भीतीने घेतली. समताचे वडील असेच होते. जेवणाआधी चव न घेता मीठ घालायचे, आणि एक दिवस जेवतानाच उजवा हात लुळा पडला. डोक्यात रक्तस्राव झाला होता. आठ दिवसांत माणूस गेला. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, बीपी आणि मीठ. दादारावांनाही दोन वर्षांपासून बीपीची गोळी होती. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, आणि समता तर आता घरातलं मीठच फुंकून टाकायला निघाली.

घरात तिचा शब्द चालायचा. ती फरीदाबादमधल्या बाटा चौकाजवळच्या एका मोठ्या लॅबमध्ये सीनियर टेक्निशियन होती. रोज शेकडो लोकांचं रक्त तिच्या हाताखालून जायचं. नवरा संघपाल राजधानीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात नोकरीला, सकाळी मेट्रो पकडायचा तो रात्रीच उगवायचा. त्यामुळे औषध, पथ्य, दवाखाना हे खातं समताकडे. तिने लोणच्याच्या बरण्या कपाटात टाकून कुलूप लावलं, पापड बंद केले, भाटियाबाईंना हात जोडून सांगितलं की बाबांना कांजी देऊ नका. आणि नेहमीच्या मिठाच्या जागी दुकानातून कमी सोडियमवालं मीठ आणलं. महाग होतं, पण पाकिटावर हृदयाचं चित्र होतं.

पहिल्याच दिवशी वरणाचा घास घेऊन दादाराव थांबले.

"समता, हे मीठ कडवट लागते."

तिने समजावून सांगितलं की जिभेला सवय असते, पंधरा दिवस कमी मीठ खाल्लं की तेवढंच पुरेसं वाटायला लागतं. हे खोटं नव्हतं. धडधाकट माणसाच्या बाबतीत तसंच होतं. दादारावांनी मान हलवली आणि पुढचा घास घेतला. त्यानंतर त्यांनी मिठाचं नाव काढलं नाही.

समता दर रविवारी त्यांचं बीपी मोजून वहीत लिहायची. एप्रिलमध्ये वरचा आकडा एकशे तीसवर होता. मग एकशे अठरा, मग एकशे आठ. तिला एवढा आनंद झाला की तिने वहीचा फोटो संघपालला पाठवला. बघ, पथ्य कसं काम करतंय. गोळी मात्र चालूच ठेवली, कारण गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते हे तिला पक्कं ठाऊक होतं. अर्धवट माहिती असलेल्या माणसापेक्षा पाऊण माहिती असलेला माणूस जास्त घातक असतो, कारण त्याला कुणी विचारत नाही.

बाकीच्या गोष्टी दिसत होत्या, पण प्रत्येकीला घरात एकेक उत्तर तयार होतं. दादाराव वाळत चालले होते, तर उन्हाळ्यात भूक कमी होतेच. काळवंडले होते, तर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला उन्हात जातात. सकाळी मळमळायचं, तर पित्त. आंबट खाल्लं की जरा बरं वाटायचं, म्हणून ते लिंबाची फोड तोंडात धरून बसायचे. खुर्चीतून उठताना भिंत धरायचे, तर वय झालं. वय बासष्ट, पण असं म्हटलं की सगळ्यांचं समाधान व्हायचं.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ते मोरीतून बाहेर येताना कोसळता कोसळता राहिले. गंगुबाईंनी कसंबसं धरून पलंगावर बसवलं. बाहेर सकाळी सातलाच उन्हाची झळ लागत होती. समताची निघायची वेळ झाली होती. तिने विचार केला, एकदा रक्त तपासूनच टाकू. तिच्या पर्समध्ये सुई आणि नळ्या असायच्याच.

दादारावांच्या दंडाला तिने पट्टा आवळला, पण शीर सापडेना. हात सुकलेला, शिरा आत ओढलेल्या. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा थेंब थेंब रक्त आलं. दादाराव सगळा वेळ भिंतीकडे बघत होते. तिने नळी रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. निघताना सासूबाईंना सांगितलं, आज बाबांना दोन शहाळी पाजा, अंगात ताकद येईल. कोपऱ्यावरच नारळवाला बसायचा.

आता लॅबमधली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच बिघडलं. बाहेरून आलेल्या प्रत्येक नळीवर नाव-नंबराची पट्टी चिकटते. रक्तात काही धोकादायक निघालं की कॉम्प्युटरवर लाल खूण येते आणि टेक्निशियनला पाच मिनिटांत डॉक्टरला फोन करावाच लागतो. पण स्टाफच्या घरच्या नळ्या अशा नोंदीत जात नसत. आईची साखर, मुलाचं हिमोग्लोबिन, कोण कशाला पावती फाडतो. रिकामी जागा बघून नळी मशीनवर लावायची, पडद्यावरचा आकडा बघायचा, झालं. सगळे करायचे, आणि लॅबच्या मुख्य डॉक्टर मॅडमही काणाडोळा करायच्या. समताने साडेनऊला दादारावांची नळी तशीच लावली. नाव नाही, नंबर नाही.

साडेदहाच्या सुमाराला आकडे आले. सोडियम एकशे एकोणीस. पोटॅशियम सहा पॉइंट आठ.

नोंदलेल्या रुग्णाचे हे आकडे असते तर समता जागेवरून उडाली असती. सोडियम एकशे पस्तीसच्या खाली जायला नको आणि पोटॅशियम साडेपाचच्या वर. सहाच्या पुढे गेलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं, सात-आठपर्यंत गेलं तर हृदय कधीही थांबू शकतं. पण ही नळी तिने स्वतः घेतली होती, आणि ती किती वाईट घेतली होती हे तिला माहीत होतं. पट्टा फार वेळ आवळलेला, रक्त ओढून ओढून काढलेलं. अशा ओढाताणीत रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं. मग मशीन खोटा मोठा आकडा दाखवतं. नवशिक्या पोरांना हे तीच शिकवायची. आणि सोडियमचं काय, तर त्या मशीनचा सोडियमचा भाग शुक्रवारपासून कुरकुर करत होता. दोन चुका, दोन कारणं. तिने नळी कडेच्या स्टँडमध्ये ठेवून दिली.

घरी फोन करून तिने गंगुबाईंना सांगितलं की रक्त नीट निघालं नव्हतं, उद्या परत घेऊ. गंगुबाई म्हणाल्या, एक शहाळं पाजलं, उलटी झाली, आता दुसरं देते. समता म्हणाली, हळूहळू द्या.

तेवढ्यात कारखान्यातल्या कामगारांच्या तपासणीच्या दीडशे नळ्या आल्या, आणि दोन तास तिला मान वर करायला मिळाली नाही.

पाऊण वाजता डॉ. मयुरा केळकर, लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट, मशीनची वही तपासायला आल्या. त्या मूळच्या पुण्याच्या, बोलायला तुटक, पण समतावर त्यांचा जीव होता. समताने सहज सांगितलं की सोडियमचं मशीन अजून नीट नाही, आज सकाळीही एकशे एकोणीस दाखवत होतं. मयुरा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, शनिवारी इंजिनियर येऊन तो भाग बदलून गेला. तुझी सुट्टी होती. आज सकाळची चाचणी बिल्कुल बरोबर आहे, ही बघ सही.

समताने सही पाहिली. मग ती उठली आणि कडेच्या स्टँडपाशी गेली. नळी उचलण्याआधीच तिला कळलं होतं की आपण एक गोष्ट केलेली नाही. आकडा खोटा म्हणण्याआधी नळीकडे नुसतं बघायचं असतं. पेशी फुटल्या असतील तर वर सुटलेलं पाणी लालसर होतं, टरबुजाच्या रसाइतकं. हेसुद्धा तीच पोरांना शिकवायची. तिने नळी उजेडात धरली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं होतं. एकही पेशी फुटलेली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. शेकडो लोकांचं रक्त वाचणारी बाई घरातल्या माणसाचं वाचायला चुकली होती.

तिने नळी पुन्हा लावली. मशीन आपल्या गतीने चालत होतं आणि समता तिथे उभी राहून एकेक गोष्ट जोडत होती. अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून चाललं होतं, म्हणून सोडियम कमी. मीठ गेलं की त्याच्यामागे पाणी जातं, म्हणून बीपी उतरत होतं. ते तिचं पथ्य नव्हतं. माणूस आतून रिकामा होत होता. मेंदूला ते कळत होतं आणि तो ओरडून सांगत होता, मीठ आण, कुठूनही आण. तळहातावरचं मीठ ही खोड नव्हती, शरीराने स्वतःवर चालवलेला इलाज होता. तिने त्याला कुलूप लावलं होतं.

आणि मग तिला ते हृदयाचं चित्र असलेलं पाकीट आठवलं. मिठातलं सोडियम कमी केलं की त्याच्या जागी काही तरी खारट घालावं लागतं. ते पोटॅशियम असतं. म्हणूनच ते कडवट लागतं. ज्याच्या अंगातून पोटॅशियम बाहेर पडत नाही, त्याला ती पाच आठवडे दोन्ही वेळेला जेवणातून पोटॅशियम वाढत होती. बीपीची गोळीसुद्धा पोटॅशियम धरून ठेवणारी. आणि शहाळं म्हणजे तर पोटॅशियमचा तांब्याच. आज दोन सांगितली होती तिने.

मशीनने तेच आकडे दाखवले. सोडियम एकशे एकोणीस, पोटॅशियम सहा पॉइंट आठ.

मयुरा मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. कुणाची नळी, म्हणून त्यांनी विचारलं. समताने सांगितलं. मॅडमनी नोंदीबद्दल एक अक्षर काढलं नाही, फक्त भराभर विचारत गेल्या. मीठ खावंसं वाटतं का? तळहाताच्या रेषा काळ्या झाल्यात का? हिरड्या? समताला सकाळी दंड धरताना दिसलेला तळहात आठवला, रेषा शाईने काढल्यासारख्या होत्या. तिला वाटलं होतं कुंड्यांची माती.

"कधी टीबी झाला होता?"

"बारा वर्षांपूर्वी. पूर्ण कोर्स केला होता."

मयुरा मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, मीठ धरून ठेवायचा हुकूम तिथून सुटतो. टीबी कधीकधी तिथे जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं ग्रंथी खात राहतो. बरा झाला तरी झालेलं नुकसान भरत नाही. खात्री त्याच ग्रंथींतून सुटणाऱ्या कॉर्टिसोलच्या तपासणीने होईल, पण तिची वाट बघायला वेळ नाही.

"समता, हॉस्पिटल. आत्ता. मी फोनवर आहे."

घरी फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं. सहा वेळा लावला. सातव्यांदा भाटियाबाईंना लावला. त्या म्हणाल्या, अंकल गिर गए थे, उल्टी पे उल्टी, हमारा लड़का और तुम्हारी सास कोने वाले अस्पताल ले गए हैं, लू लग गई है. समताने रिक्षा पकडली. नॅशनल हायवेवर दुपारचा ट्रॅफिक गच्च होता आणि रिक्षात भट्टीसारखी हवा शिरत होती. तिने संघपालला फोन केला आणि एवढंच सांगितलं की बाबांना ॲडमिट केलंय, ये. मी काय केलंय, हे सांगायला तोंड उघडेना. ती मनात मोजत होती, एक शहाळं की दोन.

हॉस्पिटल लहान होतं, तीस खाटांचं. तातडीच्या खोलीत उष्माघाताचे चार रुग्ण ओळीने पडले होते, पाचवे दादाराव. डोळे अर्धवट उघडे, ओठ कोरडे. गंगुबाई पायाशी बसून पाय चोळत होत्या. दांडीला ग्लुकोजची बाटली लटकत होती आणि थेंब पडत होते. समताने बाटलीवरचं वाचलं. साखर आणि पाणी. साखर चालली असती, पण त्यात मिठाचा कण नव्हता, आणि हे पाणी उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ करणार होतं.

ड्यूटीवरचा डॉक्टर तरुण होता, सकाळपासून उभा. त्याने समताचं ऐकून घेतलं, पण आजूबाजूला चार तशीच माणसं पडलेली असताना पाचवं वेगळं आहे हे मानायला त्याला वेळ नव्हता. बीपी ऐंशीवर आलंय, लू में ऐसा होता है, एक बोतल जाने दीजिए. समताने आकडे सांगितले. तो थबकला.

"रिपोर्ट दिखाइए."

रिपोर्ट नव्हता. नाव नसलेल्या नळीचा रिपोर्ट निघत नाही. ती म्हणाली, मीच टेक्निशियन आहे, मीच मशीनवर लावलं, दोनदा लावलं. डॉक्टरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की नातेवाईक काहीही बोलतात हे त्याला पाठ असावं. तो म्हणाला, आमच्याकडून रक्त पाठवतो, दीड तासात येईल, तोवर बघू. आणि पुढच्या खाटेकडे वळला.

दीड तास.  दादारावांच्या मनगटावर तिने बोट ठेवलं होतं, नाडी मधूनच अडखळत होती, जिना उतरताना पायरी चुकावी तशी. तिने मयुरा मॅडमना फोन लावला आणि फोन सरळ डॉक्टरच्या कानाशी नेऊन धरला. हे असं कुणी करत नाही. तोही चिडला. पण पलीकडून मॅडम हिंदीत शांतपणे बोलत होत्या आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला. त्या सांगत होत्या की मी पॅथॉलॉजिस्ट, हा आकडा माझ्या सहीचा समजा, नोंद झालेली नाही ही चूक आमची आहे, पण रक्त खरं आहे. रिपोर्टवर विश्वास नसेल तर दोन मिनिटांत ईसीजी काढा.

त्याने फोन परत दिला आणि नर्सला ईसीजी आणायला सांगितलं. कागद सरकत बाहेर आला. समताला ईसीजी वाचता येत नव्हता, तरी लाटा टोकदार, तंबूसारख्या उंच उठलेल्या तिलाही दिसल्या. डॉक्टरने कागद एकदाच पाहिला, आणि पुढचं सगळं पळापळीत झालं. आधी शिरेतून कॅल्शियम, हृदयाला सावरायला. कॉर्टिसोलसाठी एक नळी रक्त काढून घेतलं आणि निकालाची वाट न बघता त्याचीच भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. ग्लुकोजच्या जागी मिठाच्या पाण्याची बाटली. पोटॅशियम पेशींत ढकलायला थोडं इन्शुलिन आणि त्याच्याबरोबर साखर. बीपीची गोळी कोणती, म्हणून त्याने विचारलं, समताने नाव सांगितलं, त्याने कागदावर तिच्यावर काट मारली. मग विचारलं, आणि काही देत होतात का? कुठलं टॉनिक, कुठला काढा?

गंगुबाई बाजूलाच उभ्या होत्या. समताने मान खाली घालून सांगितलं.

"पोटॅशियम वाला नमक. पाँच हफ्ते से. और आज नारियल पानी."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. गंगुबाईंना त्यातलं काय कळलं कुणास ठाऊक. त्या परत पाय चोळायला लागल्या.

पहिल्या तासात काही बदललं नाही. समता मॉनिटरवरून नजर काढत नव्हती. तिला कळून चुकलं होतं की हा माणूस गेला तर ती पुन्हा कधी कुणाच्या ताटात मीठ वाढू शकणार नाही. संघपाल मंडी हाऊस स्टेशनवरून मेट्रोने पोचला, घामाने निथळत. त्याने बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला सहन होईना.

चारच्या सुमाराला लाटा खाली बसायला लागल्या. बीपी शंभराला टेकलं. साडेपाचला हॉस्पिटलचा स्वतःचा रिपोर्ट आला आणि पोटॅशियम सहाच्या खाली होतं. सोडियम मुद्दामच सावकाश चढवत होते, कारण एकदम वर गेलं तर मेंदूला इजा होते. सहा वाजता दादारावांनी डोळे पूर्ण उघडले आणि पाणी मागितलं. गंगुबाई दिवसभरात पहिल्यांदा रडल्या.

पुढच्या तीन दिवसांत सगळं उलगडलं. कॉर्टिसोल जवळजवळ शून्य निघालं. पोटाच्या स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी आक्रसलेल्या आणि चुना धरलेल्या दिसल्या, बारा वर्षांपूर्वीच्या टीबीची निशाणी. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी संघपालला बसवून समजावलं. खारट-आंबट खावंसं वाटलं म्हणजे आजारच असतो असं नाही. उन्हात घाम गाळला, जुलाब झाले, पोटुशी बाई असली, नुसती सवय असली तरी वाटतं. आंबट तर मळमळणाऱ्याला बरं वाटतंच, आणि आपल्याकडे आंबटासोबत मीठ येतंच. पण माणूस एकाएकी मिठामागे लागला, वाळायला लागला, काळवंडला, उठताना चक्कर यायला लागली, तर त्याला अडवायचं नाही, रक्त तपासायचं. आता गोळ्या जन्मभर, एकही दिवस चुकवायच्या नाहीत. ताप आला की डोस वाढवायचा. आणि मीठ नेहमीचं, जिभेला हवं तेवढं.

लॅबमध्येही बदल झाला. मयुरा मॅडमनी त्याच आठवड्यात नोटीस लावली की स्टाफच्या नळीलाही नाव आणि नंबर लागेल. समतावर कारवाई झाली नाही. तिला ती झालेली बरी वाटली असती.

चौथ्या दिवशी दादाराव उशीला टेकून बसले होते. गालात रंग आला होता, आवाजात डेपोतला खणखणीतपणा परत आला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ते हिंदीत सांगत होते की डॉक्टर लू समझ रहा था, मेरी बहू ने पकड़ा. सकाळपासून त्यांनी हे तीन जणांना सांगितलं होतं, नर्ससकट. समता दर वेळी काही तरी काम काढून बाहेर जायची. संघपाल आणि गंगुबाई औषधं आणायला खाली गेल्यावर मात्र तिला जायला जागा उरली नाही. ती स्टुलावर बसली.

"बाबा, तुम्ही लोकांना असं सांगू नका."

का बरं, म्हणून त्यांनी विचारलं. मग तिने सांगितलं, काही न लपवता. मीठ बंद केलं ते चुकीचं. जे नवीन आणलं त्यात पोटॅशियम होतं, तेच विष झालं. शहाळी सांगितली तीही मीच. रक्ताचा आकडा खरा होता आणि मी तो कडेला ठेवून दोन तास दुसऱ्यांच्या नळ्या लावत बसले. सांगताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, चादरीच्या काठाकडे बघत होती. 

दादारावांनी पाठीमागची उशी नीट सरकवली. मग म्हणाले, "ते मीठ माझ्या कामाचं नाही, हे मला पहिल्याच घासाला कळलं होतं. खाल्लं की आणखीच मळमळायचं."

"मग बोलला का नाहीत परत? का खाल्लंत?"

दादारावांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. 

"तू दिलं होतंस ना," ते म्हणाले. "एवढ्या लोकांचं रक्त पाहते तू रोज. मला वाटलं, माझी जीभच चुकत असेल."